शिळ्या भाताच्या कॅलरी किती धरायच्या?

गेल्या वर्षी एक बाई वजनाची वही घेऊन माझ्याकडे सल्ल्याला आल्या. वही अगदी नेटकी होती. रोजचा भात तोलून लिहिलेला, दोन वेळचा मिळून ३०० ग्रॅम. त्यापुढे कॅलरीचा आकडा मात्र १९५. शिजलेल्या भाताचे १०० ग्रॅमला १३० धरतात, म्हणजे ३०० ग्रॅमचे ३९० व्हायला हवेत. हे बरोबर निम्मे कसे झाले, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, "अहो ताई, मी भात रात्रीच करून फ्रिजमध्ये ठेवते आणि दुसऱ्या दिवशी गरम करून खाते. थंड केला की कॅलरी निम्म्या होतात ना?"

दोन महिने त्या रोज १९५ कॅलरी कमी लिहीत होत्या आणि वजन का हलत नाही म्हणून स्वतःलाच दोष देत होत्या. त्यांच्यासारखा प्रश्न मला आता दर आठवड्याला कुणी ना कुणी विचारतं. कधी भाताबद्दल, कधी उकडलेल्या बटाट्याबद्दल. थंड केल्यावर त्यात काहीतरी बदलतं, ही गोष्ट खरी आहे. ते किती बदलतं आणि वहीत काय लिहायचं, एवढंच या लेखात पाहू.

बदल डोळ्यांना दिसतो तो फोडणीच्या भातात. ताज्या, वाफाळत्या भाताचा फोडणीचा भात केला तर गचका होतो. रात्री उरलेला भात सकाळी हाताने मोकळा केला की दाणा न् दाणा सुटा होतो, बोटांनी दाबला तर किंचित कडक लागतो. हा कडकपणा नुसता सुकल्यामुळे आलेला नसतो. झाकण घट्ट लावून ठेवलेला भातही असाच होतो. तांदळातला स्टार्च कच्चेपणी घट्ट बांधलेल्या कणांत असतो. शिजताना साधारण ६० ते ८० अंशांच्या दरम्यान ते कण पाणी पिऊन फुगतात, त्यांची बांधणी सुटते आणि आपल्या पाचकरसांना आत शिरायला वाट मिळते. भात निवला की स्टार्चच्या सुटलेल्या साखळ्यांपैकी काही पुन्हा एकमेकींना चिकटून घट्ट होतात. अशा घट्ट झालेल्या भागाला लहान आतड्यातले पाचकरस फोडू शकत नाहीत. तो न पचता मोठ्या आतड्यात जातो, म्हणून त्याला रेझिस्टंट स्टार्च म्हणतात. हा शब्द १९८० च्या दशकात केंब्रिजमधल्या हान्स इंग्लिस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामातून रूढ झाला.

या साखळ्या दोन प्रकारच्या असतात. अमायलोज सरळ, लांब असतं. ते निवता निवता काही तासांतच घट्ट होतं, आणि एकदा झालं की १२० अंशांच्या वर नेल्याशिवाय पुन्हा सुटत नाही. अमायलोपेक्टिन फांद्याफांद्यांचं असतं. ते घट्ट व्हायला कित्येक तास, कधी दिवसही लागतात, आणि ५०-६० अंशांच्या आसपास ते परत विरघळतं. शिळ्या भातावर पाण्याचा हबका मारून वाफ आणली की तो जवळजवळ ताज्यासारखा मऊ होतो, तो अमायलोपेक्टिन सुटल्यामुळे. अमायलोजचा भाग मात्र तसाच टिकतो. त्यामुळे गरम केलं की सगळं वाया गेलं, हेही खरं नाही आणि सगळं टिकलं, हेही खरं नाही. शिजल्यावर मऊ, चिकट होणाऱ्या तांदळात अमायलोज कमी असतं, म्हणून तिथे हा बदलही कमी होतो. सुटा, मोकळा होणाऱ्या तांदळात जास्त होतो.

आता हे किती होतं ते पाहू. इंडोनेशियातल्या संशोधकांनी २०१५ साली साध्या पांढऱ्या भाताची मोजणी प्रसिद्ध केली. ताज्या भातात १०० ग्रॅमला ०.६४ ग्रॅम रेझिस्टंट स्टार्च निघाला. फ्रिजमध्ये ४ अंशांवर २४ तास ठेवून परत गरम केलेल्या भातात तो १.६५ ग्रॅम होता. बातमी लिहिणारा म्हणेल, अडीच पट झाला, आणि ते चूक नाही. पण ताटात तुम्ही पट वाढून घेत नाही, ग्रॅम वाढून घेता. वाढ आहे १०० ग्रॅमला १ ग्रॅमची. त्या १०० ग्रॅम भातात कर्बोदकं असतात सुमारे २८ ग्रॅम.

हा एक ग्रॅमही पूर्णपणे फुकट जात नाही. मोठ्या आतड्यातले जीवाणू त्याला आंबवतात आणि त्यातून ॲसिटेट, प्रोपिओनेट, ब्युटिरेट अशी छोटी मेदाम्लं तयार होतात. ती शरीर शोषून घेतं आणि त्यांतून ऊर्जा मिळवतं. म्हणून पचणाऱ्या स्टार्चला ग्रॅममागे ४ कॅलरी धरतात, तर आंबणाऱ्या तंतुमय पदार्थांना सर्वसाधारणपणे २. जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या २००३ च्या अहवालात हाच आकडा सुचवला आहे आणि युरोपात लेबलांसाठी तोच वापरतात.

त्या बाईंच्या ३०० ग्रॅम भाताचा हिशेब असा झाला. रेझिस्टंट स्टार्च वाढला ३ ग्रॅम. प्रत्येक ग्रॅमला ४ ऐवजी २ कॅलरी, म्हणजे बचत ६ कॅलरी. सगळा स्टार्च अजिबात ऊर्जा न देता निघून गेला असं अगदी उदारपणे धरलं तरी बचत १२. एकूण ३९० पैकी. भाताचा एक लहान घास १० ग्रॅमचा धरला तर त्याच्या १३ कॅलरी होतात. म्हणजे दिवसभराच्या भातात मिळून फायदा अर्ध्या घासाचा, फार तर एका घासाचा. त्याच भातावर चमचाभर, ५ ग्रॅम, तूप घेतलं तर ४५ कॅलरी वाढतात.

बटाट्याची गोष्ट थोडी वेगळी आहे. अमेरिकेत २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गरम बटाट्यात १०० ग्रॅमला ३.१ ग्रॅम रेझिस्टंट स्टार्च मिळाला, थंड केलेल्यात ४.३ आणि परत गरम केलेल्यात ३.५. भातात गरम केल्यावरही बरीच वाढ टिकली होती, बटाट्यात बरीचशी निघून गेली. त्याच अभ्यासात भाजलेल्या बटाट्यात ३.६ आणि उकडलेल्यात २.४ ग्रॅम निघाला. भाजायचा की उकडायचा, यातला फरक आणि गरम खायचा की थंड, यातला फरक सारखाच भरतो! मध्यम आकाराचा, १५० ग्रॅमचा उकडलेला बटाटा घ्या. त्याच्या साधारण १३० कॅलरी. थंडच खाल्ला तर १.८ ग्रॅमची वाढ, म्हणजे बचत साडेतीन-चार कॅलरी. परत गरम करून भाजी केली तर एक-सव्वा कॅलरी. भाजीत पडणारं एक मोठा चमचा तेल १२० कॅलरींचं असतं, ते चार माणसांत वाटलं तरी प्रत्येकी ३० येतात.

मग निम्म्याची गोष्ट आली कुठून? मार्च २०१५ मध्ये डेन्व्हरला अमेरिकन केमिकल सोसायटीच्या अधिवेशनात श्रीलंकेच्या सुधैर जेम्स या विद्यार्थ्याने आणि त्याचे मार्गदर्शक पुष्पराजा थवराजा यांनी एक सादरीकरण केलं. उकळत्या पाण्यात चमचाभर खोबरेल तेल घालून भात शिजवायचा आणि १२ तास फ्रिजमध्ये ठेवायचा, अशी रीत होती. सर्वांत योग्य जातीचा तांदूळ घेतला तर कॅलरी ५० ते ६० टक्क्यांपर्यंत कमी करता येतील, अशी शक्यता त्यांनी मांडली. ती शक्यता होती. जगभरच्या बातम्यांत तिचं वचन झालं.

हे वचन खरं ठरायला काय व्हावं लागेल, ते कागदावर मांडून पाहा. रेझिस्टंट स्टार्चला ग्रॅममागे २ कॅलरी धरल्या, तर भातातला एकूण एक स्टार्च न पचणारा झाला तरी स्टार्चपासूनची ऊर्जा जेमतेम निम्मी होईल. त्याला शून्य कॅलरी धरल्या तरी १०० ग्रॅम भातातला १४-१५ ग्रॅम स्टार्च बदलावा लागेल. प्रत्यक्ष मोजणीत साध्या भातात बदलला तो १ ग्रॅम. शिवाय चमचाभर तेलाच्या ४५ कॅलरी आधीच आत गेलेल्या असतात. विशेष जातींत आकडा याहून वर जाऊ शकतो, पण घरातल्या कोलम किंवा बासमतीसाठी निम्मा हिशेब धरू नका.

आता अन्नघटकांच्या तक्त्यांकडे येऊ. कारण पुष्कळ जणांना वाटतं की तक्त्यात "गरम भात" आणि "थंड भात" असे दोन आकडे कुठेतरी असणार. ते नसतात. भारतात आपण हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे तक्ते वापरतो आणि ते मुख्यतः कच्च्या पदार्थांचे आहेत. २०१७ च्या तक्त्यात पॉलिश केलेल्या कच्च्या तांदळाला १०० ग्रॅममागे १४९१ किलोज्यूल, म्हणजे सुमारे ३५६ कॅलरी दिल्या आहेत. १०० ग्रॅम तांदळाचा शिजून २७० ते २८० ग्रॅम भात होतो. भागाकार केला की १३० च्या आसपास येतात, आणि अमेरिकेच्या तक्त्यात शिजलेल्या लांब दाण्याच्या भाताला तोच आकडा दिलेला आहे.

त्या आकड्यात रेझिस्टंट स्टार्च कुठे बसतो, हे तुम्हाला स्वतःला तपासता येतं. कर्बोदकं बहुतेक तक्त्यांत थेट मोजलेली नसतात, वजाबाकीने काढलेली असतात. १०० मधून बाकीचे घटक वजा केले की उरलं ते कर्बोदक. २०१७ च्या भारतीय तक्त्यातल्या तांदळाची बेरीज करा: पाणी ९.९३, प्रथिनं ७.९४, स्निग्ध ०.५२, क्षार ०.५६, तंतुमय २.८१, कर्बोदकं ७८.२४. उत्तर बरोबर १०० येतं. म्हणजे इथे तंतुमय पदार्थ कर्बोदकांच्या बाहेर काढलेले आहेत. अमेरिकन तक्त्यातला शिजलेला भात घ्या: पाणी ६८.४४, प्रथिनं २.६९, स्निग्ध ०.२८, क्षार ०.४१, कर्बोदकं २८.१७. ही बेरीज तंतुमय पदार्थ न मिळवताच १०० ला टेकते. म्हणजे तिथे ते कर्बोदकांच्या पोटातच आहेत आणि त्यांच्यावरही भाताच्या कर्बोदकांचाच दर लावला गेला आहे. तुमचं ॲप कुठल्या तक्त्यावर चालतं ते या बेरजेवरून लगेच कळतं.

पण तंतुमय म्हणून जे मोजलं, त्यात रेझिस्टंट स्टार्च आला की नाही, हे प्रयोगशाळेच्या पद्धतीवर ठरतं. जुन्या पद्धतीत नमुना आधी आम्लात आणि मग अल्कलीत उकळत, उरलेल्या चोथ्याला तंतू म्हणत. याच संस्थेच्या जुन्या तक्त्यांच्या, गोपालन यांच्या प्रसिद्ध पुस्तकात पॉलिश केलेल्या तांदळाचे तंतू ०.२ ग्रॅम आहेत, ते त्यामुळे. नव्या तक्त्यात २.८१ झाले म्हणून तांदूळ बदलला असं नाही, मोजण्याची रीत बदलली. आज रूढ असलेल्या पद्धतींतही नमुना उष्णता सोसणाऱ्या विकरासह उकळीच्या जवळ तापवतात. त्यात घट्ट झालेलं अमायलोज बऱ्यापैकी टिकतं आणि तंतूंत मोजलं जातं, अमायलोपेक्टिन सुटतं आणि कर्बोदकांत जातं. ब्रिटनमध्ये तर बरीच वर्षं तंतूंची जी व्याख्या वापरात होती तिच्यात स्टार्च धरायचाच नाही असा नियम होता, त्यामुळे तिथल्या जुन्या आकड्यांत रेझिस्टंट स्टार्च तंतूंत येतच नसे. पुढे ३७ अंशांवर, आतड्यातल्या परिस्थितीच्या अधिक जवळ जाणाऱ्या पद्धती आल्या, पण तक्त्यांतल्या हजारो नोंदी त्यांनी नव्याने मोजलेल्या नाहीत.

म्हणून थंड भातासाठी तक्त्यातल्या आकड्यातून आपल्या मनाने काही वजा करू नका, असं मी आग्रहाने सांगते. त्या आकड्यात थोडा रेझिस्टंट स्टार्च आधीच धरलेला असू शकतो, मग तुम्ही तोच दोनदा वजा कराल. आणि तक्त्यांची अचूकता तेवढी बारीक नाहीच. गोपालन यांच्या पुस्तकात १०० ग्रॅम तांदळाला ३४५ कॅलरी आहेत, २०१७ च्या तक्त्यात ३५६. फरक ११ कॅलरींचा आणि त्याचं मुख्य कारण एवढंच की एका नमुन्यात पाणी १३.७ टक्के होतं, दुसऱ्यात ९.९३. त्याच १०० ग्रॅम तांदळाचा सगळा भात थंड करून वाचतात साडेपाच कॅलरी. पोत्यातला तांदूळ किती कोरडा आहे, याचाच परिणाम फ्रिजच्या दुप्पट!

वहीत आकडा बरोबर यायचा असेल तर भात करण्याआधी कच्चा तांदूळ तोला. शिजलेल्या भातात पाणी किती राहिलं, यावर १०० ग्रॅमचा हिशेब बराच हलतो. मोकळ्या भातात कॅलरी जास्त, आसट भातात कमी. १५० ग्रॅम तांदूळ लावला तर पातेल्यात साधारण ५३५ कॅलरी आहेत. मग पूर्ण भात तोलून घ्या आणि तुमच्या वाट्याला किती आला त्या प्रमाणात वाटणी करा. भात ताजा असो की काल रात्रीचा, आकडा तोच. फ्रिजमध्ये ठेवायचा असेल तर झाकून ठेवा. उघडा ठेवलात तर पाणी उडून वजन कमी भरतं आणि कॅलरी कमी झाल्यासारखं वाटतं. एक चूक मला फार वेळा दिसते: शिजलेला भात तोलायचा आणि ॲपमध्ये कच्च्या तांदळाची नोंद निवडायची, किंवा याच्या उलट. त्याने आकडा पावणेतीन पटींनी चुकतो. तुमच्या नोंदीत १०० ग्रॅमला ३५० च्या जवळचा आकडा दिसला तर ती कच्च्या तांदळाची, १३० च्या जवळचा दिसला तर शिजलेल्या भाताची.

मग थंड केलेल्या भाताला काहीच अर्थ नाही का? रक्तातल्या साखरेच्या बाबतीत आहे, आणि हा प्रश्न कॅलरीहून वेगळा आहे. वर सांगितलेल्या इंडोनेशियातल्या अभ्यासात १५ निरोगी माणसांना थंड करून गरम केलेला भात दिला, तेव्हा जेवणानंतर साखरेचा चढ ताज्या भातापेक्षा सुमारे १८ टक्क्यांनी कमी भरला. कॅलरी दोन-तीन टक्क्यांच्या आत आणि साखर १८ टक्क्यांनी, हे विसंगत वाटेल. पण साखर किती वेगाने चढते हे स्टार्च किती लवकर फुटतो यावर ठरतं. जो स्टार्च अखेर पचतोच, तोही थंड केल्यावर सावकाश पचू शकतो. कॅलरी तेवढ्याच मिळतात, फक्त हळूहळू. मधुमेह असेल तर घरच्या ग्लुकोमीटरवर पाहा: तेवढाच कच्चा तांदूळ मोजून केलेला भात, सोबत तेच वरण आणि तीच भाजी, एक दिवस ताजा आणि एक दिवस थंड करून गरम केलेला, जेवायला सुरुवात केल्यापासून दोन तासांनी साखर. असं दोन-तीनदा केल्याशिवाय निष्कर्ष काढू नका.

जे जेवणाआधी इन्सुलिन घेतात त्यांनी मात्र हा प्रयोग डॉक्टरांना सांगूनच करावा. पोलंडमध्ये २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात टाइप १ मधुमेहाच्या ३२ रुग्णांना ताजा भात आणि थंड करून गरम केलेला भात दिला. थंड केलेल्या भाताने साखरेचा सर्वोच्च आकडा कमी झाला खरा, पण तेवढ्याच इन्सुलिनवर साखर फार खाली जाण्याच्या घटना वाढल्या.

आणि भात थंड करण्याची रीत. इंडोनेशियाच्या त्याच अभ्यासात एक भात खोलीच्या तापमानाला १० तास ठेवला होता आणि त्यातही रेझिस्टंट स्टार्च वाढला होता. आपल्याकडच्या घरात हे करू नका. तांदळावर बॅसिलस सेरियस नावाच्या जीवाणूचे बीजाणू असतात, ते शिजवूनही मरत नाहीत. कोमट भातात ते उगवतात, वाढतात आणि एक विष तयार करतात. त्या विषाने उलट्या होतात आणि भात परत कितीही गरम केला तरी ते नष्ट होत नाही. कोकणात किंवा गोव्यात मे महिन्यात ओट्यावर रात्रभर राहिलेल्या भाताचा वास चांगला असला तरी तो टाकून द्यावा. थंड करायचा भात पातेल्यात झाकून निवत ठेवू नका, मधला भाग तासन् तास कोमट राहतो. परातीत किंवा ताटात दोन बोटं जाडीचा पसरा, वाफ गेली की, तासाभराच्या आत, डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवा, चोवीस तासांत संपवा आणि गरम करताना मधून वाफ येईपर्यंत एकदाच गरम करा.

त्या बाईंनी वहीत भाताचे ३९० लिहायला सुरुवात केली. भात त्या अजूनही रात्रीच करतात, कारण सकाळी कामावर जाण्याआधी वेळ नसतो. तसं करायला काहीच हरकत नाही. फक्त कॅलरी पूर्ण लिहा.